बंद पडलेल्या लाइटच्या माळा आणि वापरलेले सेल: आधी डबा, मग गोण्या

प्रश्न: आमच्या सोसायटीत २४ घरं आहेत. गणपती आणि दिवाळी झाल्यावर बंद पडलेल्या एलईडी माळांच्या दोन गोण्या जमल्यात. वापरलेले सेल टाकायला ठेवलेला पाच लिटरचा रंगाचा पत्र्याचा डबा अर्धा भरलाय. त्यात पेन्सिल सेल, बटण सेल, पाण्यावर पेटणारे दिवे, सगळं एकत्र आहे. घंटागाडीवाले घ्यायला तयार नाहीत, भंगारवाला म्हणतो प्लग तोडून नुसती वायर द्या. सध्या सगळं मीटर रूममध्ये ठेवलंय. हे नीट कसं आणि कुठे द्यायचं?

उत्तर:

गोण्या आणखी दोन महिने पडून राहिल्या तरी काही बिघडणार नाही. डबा मात्र आजच मीटर रूममधून बाहेर काढा. तुमच्या सगळ्या ढिगात तातडीची गोष्ट तेवढी एकच आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

पत्र्याचा डबा आणि त्यात सुटे बटण सेल, ही जोडी वाईट. सीआर२०३२ लिहिलेला चपटा सेल हातात घेऊन कडेने बघा. वरची मोठी चकती आणि तिची खाली वळलेली कड, हे सगळं मिळून प्लस टोक असतं. खालची थोडी लहान चकती मायनस. दोघांच्या मध्ये प्लास्टिकची केसाएवढी बारीक कड असते, तेवढंच अंतर. असा सेल पत्र्याच्या तळावर तिरका पडला, किंवा त्याच्या अंगावर दुसऱ्या सेलची टोपी टेकली, की प्लस-मायनस जोडले जातात आणि सेल शॉर्ट होतो. एकटा बटण सेल फार तर गरम होईल. पण त्याच डब्यात एखाद्या चार्जिंगच्या दिव्यातला लिथियम सेल असला, तर तो पेट घेऊ शकतो. मीटर रूममध्ये वायरी आणि लाकडी फळ्या असतात, कोणी जुने पेपरही ठेवलेले असतात, आणि दार बहुतेक वेळ बंद. तिथे हा डबा नको.

डबा उचलून गच्चीवर किंवा मोकळ्या पॅसेजमध्ये न्या, सावलीत. ऊन नको, पाऊस नको. पत्रा किंवा स्टीलचं टेबल टाळा, जमिनीवर कोरडं जाड प्लास्टिक किंवा दोन-तीन पदरी वर्तमानपत्र अंथरा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला आणि हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. डबा एकदम उपडा न करता बाजूने तिरपा करून सेल हळूहळू पसरू द्या.

डबा अर्धा म्हणजे अडीच लिटर. सगळे पेन्सिल सेल धरले तर मधल्या फटी वजा जाता साधारण पावणेदोनशे सेल निघतील आणि वजन साडेतीन किलोच्या आसपास भरेल. दोन माणसांचं तासाभराचं काम आहे. लहान मुलांना या कामात घेऊ नका, कारण पुढे सांगतो.

आता सेलवरची अक्षरं वाचायची. ही अक्षरं जगभर सारखी असतात आणि पुढची सगळी विभागणी त्यांच्यावरच होते. आर६ किंवा आर६पी लिहिलं असेल तर तो साधा कार्बन-झिंकचा पेन्सिल सेल. त्यावर बहुधा 'हेवी ड्यूटी' असंही छापलेलं असतं. घड्याळात, रिमोटमध्ये आणि स्वस्त माळांच्या डबीत हाच सापडतो. एलआर६ म्हणजे त्याच मापाचा अल्कलाइन. बारीक पेन्सिल सेल असेल तर आकडा ०३ होतो, म्हणजे आर०३ आणि एलआर०३. एचआर६ किंवा 'एनआय-एमएच, १.२ व्होल्ट' लिहिलं असेल तर तो परत चार्ज होणारा निकेलचा सेल, सोलर माळांच्या डबीत हमखास असतो. जुन्या सोलर दिव्यात 'एनआय-सीडी' लिहिलेला निघाला तर त्यात कॅडमियम आहे, तो जपून बाजूला ठेवा. सीआरने सुरू होणारे चपटे सेल लिथियमचे, ३ व्होल्टचे. एलआर४४ किंवा एजी१३ लिहिलेले छोटे, जाडसर बटण सेल अल्कलाइनचे, दीड व्होल्टचे. आणि जिथे '३.७ व्होल्ट' दिसेल तो लिथियम-आयन, मग तो नळकांड्यासारखा असो की चांदीच्या रंगाच्या मऊ पाकिटासारखा.

एवढं वाचता आलं की चार ढीग आपोआप पडतात.

पहिला ढीग साध्या आणि अल्कलाइन पेन्सिल सेलचा. हाच सगळ्यात मोठा असेल आणि सगळ्यात कमी धोक्याचाही. हे सेल प्लास्टिकच्या बरणीत भरा. झाकण ठेवा पण घट्ट पिळू नका. जुने सेल आतून थोडा हायड्रोजन सोडतात, तो निघून जायला वाट हवी. संपलेल्या दीड व्होल्टच्या सेलला टेप लावायची सक्ती नाही, पण ज्यात थोडा जीव असेल असं वाटतं त्याच्या टोपीवर सेलोटेपचा एक तुकडा चिकटवला तर उत्तम. टेप लावताना नावाची बाजू झाकू नका. पुढे रिसायकलरकडे वर्गवारी करणारा माणूसही तीच अक्षरं वाचणार आहे.

इथे एक गोष्ट बघून घ्या. माळेत 'संपलेले' पेन्सिल सेल बऱ्याचदा खरंच संपलेले नसतात. तीन सेलची माळ साडेचार व्होल्टवर झगमगते. प्रत्येक सेल १.१ व्होल्टवर आला की तिघांचे मिळून ३.३ होतात आणि पांढरे दिवे मिणमिणायला लागतात, कारण पांढऱ्या एलईडीलाच जवळपास ३ व्होल्ट लागतात. आपण तिन्ही सेल काढून टाकतो. मल्टिमीटर असेल तर मोजा. १.२ व्होल्टच्या वर दाखवणारा सेल भिंतीवरच्या घड्याळात अजून काही महिने चालतो, घड्याळाला वीज लागतेच किती! मल्टिमीटर नसेल तर सेल सरळ घड्याळात घालून बघा. फक्त असा उरलेला सेल नव्या सेलच्या जोडीला घालू नका. नवा सेल जुन्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतो, जुना उलटा चार्ज होऊ लागतो आणि फुटून गळतो. डबीतले तीनपैकी एकच सेल गळलेला दिसतो, त्यामागे बहुधा हेच असतं.

दुसरा ढीग बटण सेलचा. यांना टेप लागतेच, दोन्ही बाजूंनी. सोपी पद्धत अशी: टेबलावर रुंद सेलोटेप चिकट बाजू वर करून पसरा, तिच्यावर बटण सेल एकमेकांना न टेकता, बोटभर अंतर ठेवून मांडत जा आणि वरून दुसरी पट्टी दाबा. गोळ्यांच्या पाकिटासारखी पट्टी तयार होते. ती सरळ घडी घालून प्लास्टिकच्या डबीत ठेवता येते. बटण सेल एकावर एक रचून गुंडाळू नका, कारण रचले की ते आपोआप एकापुढे एक जोडले जातात आणि चार सेलचे १२ व्होल्ट होतात.

लहान मुलं दूर ठेवायची ती या ढिगामुळे. सीआर२०३२ चा व्यास २० मिलिमीटर असतो. लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. अडकल्यावर तिच्या ओल्या अस्तरातून प्रवाह वाहू लागतो आणि मायनस बाजूला तीव्र क्षार तयार होऊन मांस भाजतं. गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात. दिवा लावण्याइतका दम न उरलेला सेलसुद्धा हे करू शकतो, त्यामुळे 'तो संपलेला होता' हा दिलासा खोटा. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, खायला देऊन सेल खाली ढकलायचा प्रयत्न करू नका, सरळ एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि बटण सेल असल्याचं दारातच सांगा. नाण्याचा आणि सेलचा एक्स-रे वरवर सारखा दिसतो.

पाण्यावर पेटणारे दिवे याच ढिगात येतात. त्यांच्या बुडाला धातूचे दोन ठिपके असतात. पाण्याने ते जोडले की दिवा लागतो. तुमच्या डब्यात असे दिवे इतर सेलवर पडलेले असतील तर धातू लागून ते आत लागलेलेही सापडतील. बुड फिरवून उघडत असेल किंवा बारीक स्क्रू असेल तर उघडा, सेल काढा, टेपच्या पट्टीत लावा, आणि प्लास्टिकचा कोरडा दिवा माळांच्या गोणीत टाका. बुड पक्कं चिकटवलेलं असेल तर सुरीने उचकटत बसू नका. सुरीचं पातं सेलमध्ये जाण्याची भीती असते आणि त्यातून मिळतं काय, तर तीन ग्रॅमचा सेल. अशा दिव्याच्या दोन्ही ठिपक्यांवर टेप लावा आणि अख्खा दिवा बटण सेलच्या डबीत ठेवा.

तिसरा ढीग चार्ज होणाऱ्या सेलचा. निकेलचे सेल टोपीला टेप लावून वेगळ्या पिशवीत. लिथियम-आयनचा सेल उपकरणातच असेल तर तो बाहेर काढूच नका. दिवा चालू करून तो आपोआप विझेपर्यंत जळू द्या, मग बटण बंद करून अख्खा दिवा द्या. सुटा सेल असेल तर दोन्ही टोकांना किंवा दोन्ही वायरींना वेगवेगळी टेप लावा. वायरी एकाच वेळी कात्रीने कापू नका, कात्रीचं पातंच दोघींना जोडतं. पाकिटासारखा सेल फुगलेला असेल, म्हणजे दिव्याचं बूड उचललं गेलंय, झाकण बसत नाही, दाबलं तर उशीसारखं लागतं, तर तो सगळ्यांपासून वेगळा. मातीच्या कुंडीत किंवा जुन्या लोखंडी घमेल्यात कोरडी वाळू घ्या, सेल वाळूवर ठेवा, वरून आणखी वाळू टाका आणि कुंडी पावसापासून आडोशाला पण इमारतीबाहेर ठेवा. टोचून 'हवा काढायची' नाही. सेल मिठाच्या पाण्यात बुडवून निकामी करायचे व्हिडिओ फिरतात, तेही घरी करू नका. टोकं गंजतात, वायू निघतो, शेवटी सेलही उरतो आणि खराब पाणीही.

चौथा ढीग गळलेल्यांचा. सेलवर पांढरी बुरशीसारखी पूड असेल आणि सेल अल्कलाइन असेल तर ती क्षाराची. साध्या कार्बन-झिंक सेलचा जस्ताचा डबाच आतून खाल्ला जातो, तो मऊ पडतो आणि तपकिरी-पांढरा चिकट द्राव बाहेर येतो, हा आम्लाकडे झुकणारा असतो. दोन्ही कातडीला आणि डोळ्यांना वाईट. हे सेल कोरड्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून वेगळ्या प्लास्टिक पिशवीत भरा, तोंड सैल बांधा आणि वर 'गळलेले' असं लिहा. धुवायचे नाहीत. धुतलेलं पाणी मोरीत जातं आणि सेल आणखी गळतो.

इतका उपद्व्याप कशाला, गुपचूप सुक्या कचऱ्यात टाकले तर कोणाला कळणार, असं कोणीतरी सभासद म्हणेलच. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये आले. त्यानुसार पाच किलोपेक्षा हलका, सीलबंद, घरगुती वापराचा कुठलाही सेल 'पोर्टेबल बॅटरी' ठरतो, त्यात साधा पेन्सिल सेलही आला. तो इतर कचऱ्यात न मिसळता वेगळा देणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि सेल कचराभूमीत पुरायला किंवा जाळायला मनाई आहे. पाकिटावर किंवा सेलवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थ तोच. नियम सोडा, व्यवहार बघा. घंटागाडीत कचरा दाबला जातो. दाबलेल्या कागद-प्लास्टिकमध्ये एक लिथियम सेल चिरडला की आग लागते, आणि ती विझवायला तिथे उभी असतात ती कचरावेचक माणसं. घंटागाडीवाल्यांनी तुमचा डबा नाकारला ते बरोबरच केलं.

आता गोण्या.

एलईडीत पारा नसतो. सीएफएल फुटल्यावर जशी खिडक्या उघडून धावपळ करावी लागते तशी इथे नाही. माळेत त्रासाच्या जागा दोन. एक, सोल्डर आणि कंट्रोलरची डबी: स्वस्त माळांच्या सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं. दोन, वायरीवरचं पीव्हीसी. हे पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा घसा जाळणारा धूर होतो, आणि तांब्याच्या सान्निध्यात जळताना त्यातून डायऑक्सिन तयार व्हायला मदत होते. तुमचा भंगारवाला 'नुसती वायर द्या' म्हणतो ते यासाठी. बारीक वायरीचं साल हाताने सोलणं परवडत नाही, म्हणून कुठेतरी मोकळ्या जागेत ढीग पेटवला जातो आणि राखेतून तांबं वेचलं जातं.

आणि तांबं तरी किती? दहा मीटरच्या माळेत जाणाऱ्या-येणाऱ्या तीन वायरी धरल्या तर तीस मीटर वायर. आत ०.१ मिलिमीटरचे सात धागे असतील तर छेद ०.०५५ चौरस मिलिमीटर. हिशोब केला तर अख्ख्या माळेत जेमतेम १५ ग्रॅम तांबं निघतं, तेही वायर खरंच तांब्याची असेल तर. पुष्कळ स्वस्त माळांत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. वायर चाकूने तासून धागा आतून पांढुरका दिसला तर समजावं. लोखंडी धागे असतील तर चुंबकाला चिकटतात. मात्र एलईडीचे पाय लोखंडाचे असल्याने चुंबक पायांना चिकटतोच, तपासणी वायरीच्या मधल्या भागाची करायची. या १५ ग्रॅमसाठी वायर तोडून दिली तर एलईडी आणि डब्या तुमच्याकडेच उरतात, त्या सुक्या कचऱ्यात जातात आणि वायर आगीत. म्हणून माळ अख्खी द्या.

रीतसर काम करणारा रिसायकलर माळेला जाळत नाही. माळा बारीक भरडतात, तो भुगा पाण्यासोबत हलत्या टेबलावरून सोडतात, जड तांबं एका बाजूला राहतं आणि हलकं प्लास्टिक पाण्याबरोबर वाहून जातं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं शिजियाओ एकेकाळी अमेरिकेतल्या टाकून दिलेल्या ख्रिसमसच्या माळांसाठी याच कामाला प्रसिद्ध होतं आणि तिथलं प्लास्टिक चपलांच्या तळव्यांना जायचं. एलईडीचा दाणा मात्र कोणी वेगळा काढत नाही, त्यातला मौल्यवान भाग नखाएवढाही नसतो. थोडक्यात, माळ रिसायकलिंगला दिली म्हणजे तिचं सगळं परत वापरात येतं असं नाही. तांबं येतं, थोडं प्लास्टिक येतं, बाकीचं निदान नियंत्रणात राहतं.

गोणी द्यायच्या आधी ओता आणि प्रत्येक माळ एकदा बघा. बॅटरीवरच्या माळा आधी. डबीत सेल राहिलेले असतील तर काढून वरच्या ढिगांत टाका. गोणीतून सेल सापडला की बरीच संकलन केंद्रं अख्खी गोणी परत करतात. तांब्याच्या बारीक तारेच्या 'फेअरी' माळेत दिवे समांतर जोडलेले असतात, एक गेला तरी बाकीचे लागतात. म्हणून अशी माळ एकदम पूर्ण बंद असेल तर दोष बहुधा दिव्यांत नसून डबीत असतो: स्प्रिंगवर पांढरी पूड साचलेली, किंवा डबीतून निघणारी तार मुळाशी तुटलेली. अल्कलाइन गळला असेल तर कापसाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसा, मग ओल्या काडीने, मग कोरड्या. साधा सेल गळला असेल तर लिंबाऐवजी पाण्यात कालवलेला खायचा सोडा. स्प्रिंग चकाकली की सेल घालून बघा. गोणीतल्या बऱ्याच बॅटरी-माळा इथेच परत लागतील.

प्लगच्या माळांबाबत माझा हात इतका सैल नाही. या राइस लाइटच्या माळांत ट्रान्सफॉर्मर नसतो. आठ प्रकारे उघडझाप करणाऱ्या डबीत चार डायोड, काही लहान स्विचिंगचे भाग आणि काळ्या ठिपक्याखाली झाकलेली चिप, एवढंच. म्हणजे माळेच्या प्रत्येक इंचावर घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनशी थेट संबंध. दिवे गटागटाने एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका दिव्याची जोडणी तुटली की त्याचा पूर्ण गट अंधारतो. बाल्कनीत पाऊस लागलेल्या माळेत हे सर्रास होतं, एलईडीचा लोखंडी पाय गंजून मुळाशी तुटतो. वायर मऊ आणि धड असेल आणि एखादाच दिवा गेला असेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तो बदलून घ्या. त्याच रंगाचा दिवा दुसऱ्या मेलेल्या माळेतून मिळतो. पण वायर कडक झालीय, साल तडकलंय, कुठे तांबं उघडं दिसतंय, डबी भाजल्यासारखी तपकिरी आहे किंवा उंदराने कुरतडलंय, तर ती माळ दुरुस्त करू नका आणि 'गरजूला' देऊही नका. शॉक सगळ्यांना सारखाच बसतो.

अशा धोक्याच्या माळेला एकच काप द्यायचा. बटण बंद करण्यावर विसंबू नका, प्लग सॉकेटातून बाहेर काढून हातात घ्या, मग प्लगपासून चार बोटांवर वायर कापा आणि कापलेला प्लग त्याच गुंडाळीत खोचा. उद्देश इतकाच की गोणीतून ती कोणी उचलून परत लावू नये. बाकी कुठे कापायचं नाही. मग माळ हाताच्या पंजा-कोपराभोवती गुंडाळा, मधोमध सुतळीने बांधा. सुटी माळ इतर कचऱ्यात अडकते आणि भरडण्याच्या यंत्राच्या फिरत्या दांड्याला गुंडाळून यंत्र बंद पाडते, म्हणून बांधणं महत्त्वाचं. दोन गोण्या गुंडाळल्यावर बहुधा सव्वा गोणीत मावतील. माळेबरोबर कागदी फुलं, थर्माकोल, मखराच्या काठ्या, वाळलेली आंब्याची पानं असतील तर ती आधी सोडवा. आणि पुढच्या वेळी हार-फुलं निर्माल्य कलशात टाकण्याआधी त्यातली तार ओढून काढा, निर्माल्याच्या खतात माळ निघाली की तो खड्डा हाताने चाळावा लागतो.

देण्याबद्दल. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे, पण बाजारातल्या निम्म्या माळांवर कंपनीचं नावच नसतं, त्यामुळे दुकानदाराकडे परत न्यायचा मार्ग बहुतेकदा खुंटतो. अधिकृत रिसायकलर आणि सुटे भाग करणाऱ्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आहे, त्यात आपला जिल्हा शोधा. पुण्यात असाल तर 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था 'व्ही-कलेक्ट' मोहिमेत जुन्या वस्तूंबरोबर ई-कचराही घेते. इतर शहरांत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये घनकचरा विभागाला विचारा, दिवाळीनंतर बऱ्याच ठिकाणी संकलनाचे दिवस ठरवलेले असतात.

फोन करताना फक्त 'ई-कचरा घेता का' असं विचारलं तर 'हो' येतं आणि तिथे गेल्यावर सेल परत मिळतात. माळा घेणारे पुष्कळ आहेत, सुटे सेल घेणारे कमी, कारण साध्या पेन्सिल सेलमधून निघणाऱ्या जस्त, मँगनीज आणि पोलादाला फारसा भाव नाही. म्हणून असं विचारा: माळा घेता का, पेन्सिल सेल घेता का, लिथियमचे सेल घेता का, आणि फुगलेला असेल तर? चारही उत्तरं वेगळी येऊ शकतात. किमान वजनाची अट आहे का तेही विचारा. साडेतीन किलो सेलसाठी गाडी येणार नाही, पण आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून दिलं तर येऊ शकते. नवखा संकलक असेल तर मंडळाच्या अधिकारपत्राची प्रत आणि तिच्यावरची मुदत बघा. देताना वजनाची पावती घ्या, त्यात माळा आणि सेल वेगळे लिहून. सेल कुरिअरने पाठवू नका.

जवळपास कोणीच सेल घेत नसेल, गाव तालुक्यापासून लांब असेल, तर घाईने कुठेतरी टाकण्यापेक्षा साठवणं बरं. साधे आणि अल्कलाइन सेल सैल झाकणाच्या प्लास्टिक बरणीत, टेपमधले बटण सेल वेगळ्या डबीत, दोन्ही कोरड्या सावलीच्या जागी, मुलांच्या हाताला न लागतील असे. कोकणात पावसाळ्यात बरणी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, ओलीने सेल लवकर गळतात. वर्षभराचे सेल शहरात कोणी जाणारं असेल तेव्हा एकदम नेता येतात. पुरायचे नाहीत, आणि चुलीत किंवा बंबात तर मुळीच नाही, बंद सेल आगीत फुटतो.

सोसायटीत पुढच्या वेळी पत्र्याचा डबा परत ठेवू नका. दोन पारदर्शक प्लास्टिक बरण्या ठेवा, एक पेन्सिल सेलची, एक बटण सेलची, आणि दुसरीच्या झाकणाला दोऱ्याने सेलोटेपचं रीळ बांधून ठेवा. जागा वॉचमनच्या टेबलावर, मुलांच्या उंचीच्या वर. चार्जिंगचे दिवे बरणीत टाकू नयेत, थेट सेक्रेटरीकडे द्यावेत, अशी चिठ्ठी लावा. आणि ज्या माळा धड आहेत त्या पोटमाळ्यावर टाकण्याआधी डबीतले सेल काढायला सगळ्यांना सांगा. बटण बंद असलं तरी सेल आत राहिला की पावसाळ्यात गळतो, आणि पुढच्या गणपतीला तीच माळ 'बंद पडली' म्हणून तुमच्या गोणीत येते.